‘आधी’ आणि ‘नंतर’चे दातांचे फोटो जुळत नाहीत: कारण कसं शोधायचं आणि पुढच्या भेटीत काय बदलायचं

उपचार नीट झालेला असतो, पेशंट खूश असतो, आणि केस मांडायची म्हणून दोन फोटो शेजारी ठेवले की गडबड दिसते. पहिला पिवळट, दुसरा निळसर. एकात दात मोठे, एकात लहान. एकात वरचे दात खालच्यांवर बरेच उतरलेले, दुसऱ्यात जेमतेम. समोर बसलेले परीक्षक किंवा पेशंटचे नातेवाईक विचारतात, ‘हा फरक उपचाराचा की फोटोचा?’ आणि आपल्याजवळ उत्तर नसतं. यावर बरेच जण नवा कॅमेरा घेतात. महिन्याभरात तीच तक्रार पुन्हा येते, कारण दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्यात नसतोच. दोन भेटींच्या मध्ये अंतर, प्रकाश, कोन किंवा दाताची स्वतःची अवस्था यांतलं काहीतरी बदललेलं असतं. कोणतं बदललं ते फोटोंवरूनच ओळखता येतं, म्हणून सुरुवात तिथून करू.

एक केस

एमडीएस करणारी एक विद्यार्थिनी अशीच जोडी घेऊन आली होती. वरचा उजवा मधला दात, म्हणजे ११, जुन्या मारामुळे काळवंडलेला. रूट कॅनाल झालेलं होतं, आता आतून ब्लीचिंग केलं होतं: दाताच्या पोकळीत सोडियम परबोरेट ठेवून वरून बंद करायचं आणि काही दिवसांनी बदलायचं, ज्याला आपण वॉकिंग ब्लीच म्हणतो. ‘आधी’च्या फोटोत ११ करडा-तपकिरी, ‘नंतर’च्या फोटोत जवळजवळ पांढरा. निकाल डोळ्यांत भरणारा होता. पण शेजारचा २१ पाहिला तर तोही आधी पिवळट आणि नंतर पांढरा. त्याला कोणी हात लावलेला नव्हता. हिरड्या आधी विटकरी, नंतर फिकट गुलाबी. हिरड्यांचं ब्लीचिंग तर कोणी केलं नव्हतं.

जोडी तपासण्याची पहिली पायरी हीच. ज्याला उपचार दिला नाही ते बघा. शेजारचा दात, हिरडी, ओठ. ती जागा दोन्ही फोटोंत सारखी दिसत असेल तर प्रकाश आणि रंग जुळले आहेत असं धरायला हरकत नाही. तीच बदलली असेल तर उपचार केलेल्या दातातला फरकही तेवढ्या प्रमाणात संशयास्पद ठरतो.

दुसरी पायरी मोजायची. दोन्ही फोटो स्क्रीनवर सारख्याच झूमवर, शंभर टक्क्यांवर किंवा पूर्ण फ्रेम दिसेल असे उघडून त्याच २१ ची रुंदी आणि उंची मोजायची. साधी पट्टी स्क्रीनला लावली तरी चालते. या केसमध्ये आधीच्या फोटोत रुंदी ६.२ सेमी आणि उंची ७.४ सेमी आली, नंतरच्यात ७.१ आणि ८.९. रुंदी सुमारे १५ टक्के वाढली, म्हणजे दुसऱ्या वेळी कॅमेरा जवळ गेला होता. हे कळायला सोपं आहे. त्याहून महत्त्वाचं आहे रुंदी-उंचीचं गुणोत्तर. आधी ०.८४, नंतर ०.८०. नुसतं अंतर बदललं असतं तर रुंदी आणि उंची एकाच प्रमाणात वाढली असती आणि गुणोत्तर तेच राहिलं असतं. ते बदललं याचा अर्थ एका वेळी कॅमेरा दाताच्या समोर सरळ नव्हता. वरून किंवा खालून तिरका धरल्यामुळे दाताची उंची दबली होती. (स्लाइडवर फोटो बसवताना कडेचा मधला बिंदू धरून ओढला तरी गुणोत्तर असंच बिघडतं. म्हणून मोजमाप नेहमी मूळ फाइलवर करायचं, स्लाइडवर नाही.)

तिसरी पायरी फाइलच्या आतली माहिती वाचण्याची. कॅमेरा प्रत्येक फोटोसोबत छिद्र, शटर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स, फ्लॅश उडाला की नाही, सगळं लिहून ठेवतो. दोन्ही फोटो एका फोल्डरमध्ये टाकून मोफत मिळणारं एक्झिफटूल वापरलं की एका दृष्टिक्षेपात तक्ता मिळतो:

```
exiftool -T -FileName -DateTimeOriginal -FNumber -ExposureTime -ISO -WhiteBalance -Flash *.JPG
```

या केसमध्ये आधीच्या फोटोत शटर १/६० आणि व्हाइट बॅलन्स ऑटो, नंतरच्यात १/२०० आणि पुन्हा ऑटो. मधल्या काळात विभागातली खुर्चीही बदलली होती: जुन्या खुर्चीला पिवळसर हॅलोजन दिवा होता, नवीला पांढरा एलईडी. एवढं कळल्यावर विटकरी हिरडीचं कोडं सुटलं. ते कसं, हे पुढे येतं.

एक सूचना निकॉन वापरणाऱ्यांसाठी. निकॉनचे कॅमेरे मॅक्रो लेन्सने जवळ फोकस करताना प्रत्यक्ष परिणाम करणारं छिद्र दाखवतात, त्यामुळे अंतर बदललं की आकडाही आपोआप थोडा बदलतो. तक्त्यात एफ/२२ आणि एफ/२५ असा फरक दिसला तर कोणीतरी चाक फिरवलं असं लगेच समजू नका. कदाचित कॅमेरा पुढे-मागे झाला एवढंच असेल.

अंतर: फोकस रिंग बांधून टाका

मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते याबद्दल, कारण हे एक सुधारलं की निम्म्या तक्रारी आपोआप जातात.

आपल्याला सवय असते ती अशी: कॅमेरा तोंडासमोर धरायचा, बटण अर्धं दाबायचं, ऑटोफोकस टुक्‌ करतो, फोटो काढायचा. मॅक्रो लेन्समध्ये फोकसची जागा आणि प्रतिमेचं प्रमाण एकमेकांना बांधलेलं असतं. ऑटोफोकस जिथे जाईल तिथे प्रमाण बदलतं. आज तुम्ही थोडे पुढे उभे होतात, तीन महिन्यांनी थोडे मागे; दोन्ही फोटो स्पष्ट येतात, पण दात वेगवेगळ्या आकाराचे. वर फ्लॅश लेन्सच्या टोकालाच लावलेला असतो, त्यामुळे कॅमेरा पुढे-मागे झाला की फ्लॅशही झाला, आणि दातावर पडणारा प्रकाश बदलला. म्हणजे एकाच सवयीमुळे आकार आणि उजेड दोन्ही हातचे जातात.

उपाय उलटा आहे. लेन्स मॅन्युअल फोकसवर टाकायची, रिंग एका ठरलेल्या खुणेवर आणायची, आणि मग रिंगला हात न लावता आपण स्वतः हळू पुढे-मागे होऊन दात स्पष्ट दिसतील तिथे थांबून फोटो काढायचा. रिंग तीच, तर अंतर तेच. अंतर तेच, तर आकारही तोच आणि फ्लॅशचा उजेडही तोच.

खूण कुठे करायची? रिट्रॅक्टर लावून समोरून घेतलेल्या फोटोत साधारण ७० मिमी रुंदीचा भाग यावा. पूर्ण फ्रेम सेन्सरची रुंदी ३६ मिमी, म्हणून त्यावर १:२ प्रमाण लागतं. लहान, एपीएस-सी सेन्सरवर तेवढंच दृश्य १:३ ला मिळतं. ज्या लेन्सवर हे आकडे छापलेले आहेत तिथे काम सोपं. नसतील तर स्टीलची पट्टी टेबलावर ठेवा, फ्रेममध्ये बरोबर ७० मिमी भरेपर्यंत रिंग आणि अंतर जमवा, आणि रिंगवर व लेन्सच्या नळकांड्यावर मिळून पांढऱ्या टेपची एक रेघ मारा. पूर्ण चेहऱ्यासाठी अशीच दुसरी रेघ, पूर्ण फ्रेमवर सुमारे १:१० आणि लहान सेन्सरवर १:१५. फक्त पुढचे वरचे दात मोठे दाखवायचे असतील तर पूर्ण फ्रेमवर १:१ ची तिसरी. तीन रेघांवर सगळं काम भागतं.

मिररलेस कॅमेऱ्यांच्या काही लेन्समध्ये रिंग प्रत्यक्ष काच हलवत नाही, ती फक्त मोटरला इशारा देते. तिथे टेपची रेघ निरुपयोगी आहे, कारण कॅमेरा बंद करून चालू केला की रिंगची जागा आणि फोकस यांचा संबंध तुटतो. अशा लेन्ससोबत कॅमेऱ्याच्या पडद्यावर अंतराची किंवा प्रमाणाची पट्टी दिसत असेल तर ती वापरा. नसेल तर प्रत्येक पेशंटआधी पट्टीवर ७० मिमी जमवून घ्या. काही सेकंदांचं काम आहे.

फोकस नेमका कशावर ठेवायचा हेही ठरलेलं असावं. या प्रमाणाला एफ/२२ वर पूर्ण फ्रेमला जेमतेम ८ मिमी आणि लहान सेन्सरला सेंटीमीटरभर खोली स्पष्ट येते. मधल्या दातांच्या पुढच्या पृष्ठावर फोकस धरला तर त्यातली निम्मी खोली दातांपुढच्या हवेत वाया जाते आणि दाढांकडचा भाग धूसर होतो. म्हणून समोरच्या फोटोत नजर बाजूच्या पुढच्या दातावर, सुळ्याच्या अलीकडे ठेवायची. छिद्र एफ/३२ पर्यंत बंद केलं की खोली वाढते, पण विवर्तनामुळे सगळाच फोटो किंचित मऊ पडतो. एफ/२२ च्या आसपास थांबलेलं बरं.

प्रकाश: आधी फ्लॅश बंद करून बघा

तोंडाच्या आतल्या फोटोंसाठी मी ज्या आकड्यांपासून सुरुवात करायला सांगते ते असे: मोड एम, एफ/२२, शटर १/१६० ते १/२००, आयएसओ २००, व्हाइट बॅलन्स फ्लॅश किंवा ५५०० केल्विन, फ्लॅश मॅन्युअल.

आता एक चाचणी करा. हेच आकडे ठेवून फ्लॅश बंद करा, खोलीतले दिवे आणि खुर्चीचा दिवा चालू ठेवा, आणि पेशंटच्या दातांचा फोटो काढा. फोटो पूर्ण काळा आला पाहिजे. काहीही दिसलं, दातांची अंधुक बाह्यरेषा जरी दिसली, तरी तो खोलीतला उजेड तुमच्या प्रत्येक फोटोत फ्लॅशमध्ये मिसळतो आहे. ट्यूबलाइटचा वाटा या आकड्यांवर नगण्य असतो. खुर्चीच्या दिव्याचा नसतो, कारण तो तोंडावरच एकवटलेला आणि फार प्रखर असतो. शटर १/६० केलं की तो १/२०० च्या तिपटीहून जास्त वेळ आत येतो. विद्यार्थिनीच्या पहिल्या फोटोत नेमकं हेच झालं होतं: हॅलोजनचा पिवळा उजेड फ्लॅशच्या पांढऱ्या उजेडात मिसळला होता. म्हणून फोटो काढताना खुर्चीचा दिवा बंद किंवा बाजूला, हा नियम. फोकस करायला अंधार वाटत असेल तर रिंग फ्लॅशमधला छोटा मार्गदर्शक दिवा वापरा.

चेहऱ्याच्या फोटोंना एफ/८ किंवा एफ/११ लागतं. एफ/२२ पेक्षा एफ/८ मधून आठपट उजेड येतो, त्यामुळे इथे खिडकी महत्त्वाची ठरते. सकाळचा ‘आधी’ आणि संध्याकाळचा ‘नंतर’ यांत त्वचेचा रंग बदलतो तो बहुधा यामुळेच. पडदा ओढून घ्या, आणि पेशंटला नेहमी त्याच भिंतीसमोर बसवा. गडद लिपस्टिक पुसायला लावा. पेशंटचा भडक गुलाबी एप्रनही हनुवटीवर रंग टाकतो.

व्हाइट बॅलन्स ऑटोवर का नको? तोंडाच्या आतल्या फोटोत लाल-गुलाबी रंग फार असतो. ऑटो त्याला रंगाचा दोष समजून उलट बाजूला ढकलतो. ओठ किती ओढले, हिरडी किती दिसली यावर तो प्रत्येक फोटोत वेगळा निर्णय घेतो. टीटीएल फ्लॅशचंही, म्हणजे ज्याची ताकद कॅमेराच ठरवतो त्याचंही, तसंच. दातांमागे काळा कॉन्ट्रास्टर ठेवला की टीटीएलला फ्रेम अंधारी वाटते आणि तो जास्त प्रकाश फेकतो. दात पांढरेफटक होतात, कडेची पारदर्शकता नाहीशी होते. कॅमेऱ्याला निर्णय घेऊ द्यायचा नाही, हा सगळ्याचा मथितार्थ.

मॅन्युअल फ्लॅशची ताकद एकदाच ठरवावी लागते. रिंग खुणेवर ठेवून एका सहकाऱ्याच्या दातांचे फोटो १/१, १/२, १/४, १/८ अशा ताकदीवर काढा, शेजारी करड्या रंगाचं कार्ड धरा. कॅमेऱ्यातली ‘जळालेले भाग लुकलुकतात’ ती सूचना चालू ठेवा. चकाकीचे ठिपके सोडून दाताचा भाग लुकलुकत नाही आणि करडं कार्ड हिस्टोग्रामच्या मध्याजवळ येतं ती ताकद तुमची. आरशातल्या फोटोंना प्रकाशाला लांबचा रस्ता असतो आणि आरसाही थोडा खातो, म्हणून तिथे ताकद एका पायरीने वाढवा, १/४ असेल तर १/२. हे तीन-चार आकडे कागदावर लिहून कॅमेऱ्याच्या पाठीला चिकटवा.

सगळं ठरवूनही एखादा फोटो मध्येच अंधारा येत असेल तर फ्लॅशचे सेल बघा. फ्लॅश पुन्हा तयार झाल्याचा दिवा लागण्याआधी बटण दाबलं की फ्लॅश अर्धवट उडतो. फोटोच्या एका कडेला सरळ काळी पट्टी दिसली तर शटर कॅमेऱ्याच्या सिंक मर्यादेपेक्षा वेगवान झालं आहे. १/१६० वर आणा.

रिंग फ्लॅश की दोन बाजूंचा ट्विन फ्लॅश, यावर डॉक्टरांमध्ये बराच वाद चालतो. रिंग फ्लॅश दाढांपर्यंत सपाट, सावलीविरहित उजेड देतो. नोंदी, ऑर्थो आणि आरशातल्या फोटोंसाठी तो सोयीचा. ट्विन फ्लॅशने पुढच्या दातांचा पोत आणि कडेची पारदर्शकता जास्त खरी दिसते, म्हणून व्हेनियर किंवा काँपोझिटच्या केससाठी तो मला आवडतो. पण एका पेशंटच्या ‘आधी’ला रिंग आणि ‘नंतर’ला ट्विन असं कधीही करू नका. दाताचा पोत उपचाराने बदलला की दिव्याने, हे मग कोणालाच सांगता येत नाही.

कोन

समोरच्या फोटोत दोन गोष्टी जमल्या पाहिजेत: लेन्स दातांच्या पातळीवर, आणि दात जिथे एकमेकांवर बसतात ती रेघ फ्रेमच्या मधोमध आडवी. व्ह्यूफाइंडरमधल्या जाळीच्या रेषा चालू ठेवल्या तर दुसरं सोपं होतं. पहिल्यासाठी खुर्ची वर-खाली करावी लागते. पेशंट सरळ बसलेला असावा, आणि उंच डॉक्टरने वाकण्यापेक्षा खुर्ची उचलावी.

ऑर्थोच्या केसमध्ये हे सगळ्यात जास्त नडतं. वरचे दात खालच्यांच्या पुढे असतात. कॅमेरा वर गेला की वरच्या दातांची कड खालच्या दातांवर जास्त उतरलेली दिसते, ओव्हरबाइट खोल वाटतो. कॅमेरा खाली गेला की उथळ वाटतो. ओव्हरजेट जेवढा मोठा तेवढी ही फसवणूक मोठी. म्हणून खोल ओव्हरबाइट उथळ झाल्याचा दावा करणारी जोडी समोर आली की मी आधी न बदललेल्या दाताचं गुणोत्तर काढते. ऑर्थोत सगळेच दात हलतात हे खरं, पण मधल्या दाताची रुंदी-उंची बदलत नाही. फक्त तो पुढे-मागे झुकला असेल तर थोडा फरक येतो, तेवढा लक्षात घ्यायचा.

नोंदीसाठी नेहमीचा संच असा धरा: चेहरा समोरून, हसताना आणि बाजूने, रिट्रॅक्टर लावून दात समोरून, उजवीकडून आणि डावीकडून, वरचा आणि खालचा जबडा आरशातून. अमेरिकन अकॅडमी ऑफ कॉस्मेटिक डेंटिस्ट्रीच्या मान्यतेसाठी १२ फोटो मागतात, त्यात पुढच्या दातांचे जवळून घेतलेलेही येतात. रोजच्या ओपीडीत वर सांगितलेला आठांचा संच पुरतो, तो प्रत्येक वेळी आणि त्याच क्रमाने काढला तर.

आरशाच्या फोटोंबद्दल दोनच गोष्टी. दातांची दुहेरी, भुतासारखी कड दिसत असेल तर आरशाचा मुलामा काचेच्या मागे आहे. पुढच्या पृष्ठावर मुलामा असलेला आरसा घ्या. आणि धुकं येत असेल तर आरसा कोमट पाण्यातून काढा, पेशंटला नाकाने श्वास घ्यायला सांगा, असिस्टंटला हवेचा हलका झोत सोडायला सांगा. बाकी चूक होते ती नंतर, संगणकावर. आरशातला फोटो डावा-उजवा बदललेला असतो, तो सरळ करण्यासाठी उलटवावा लागतो, म्हणजे फ्लिप. नुसता १८० अंशांनी फिरवला तर दिसायला ठीक वाटतो, पण बाजू चुकीचीच राहते. खात्रीसाठी एखादी माहीत असलेली खूण शोधा: चांदी भरलेली दाढ, नसलेला दात. नोंदीत ती ज्या बाजूला लिहिली आहे त्याच बाजूला दिसली पाहिजे. वरच्या जबड्यात पुढचे दात वर, खालच्यात खाली, आणि दोन्हीत पेशंटची उजवी बाजू तुमच्या डावीकडे. हे दात काढण्याच्या केसमध्ये चुकलं तर परिणाम काय होईल ते सांगायला नको.

दात स्वतः बदलतो

विद्यार्थिनीचा दुसरा फोटो रबर डॅम काढल्यावर लगेच घेतला होता. दात कोरडा पडला की एनॅमलमधलं पाणी कमी होतं, प्रकाश जास्त विखुरतो आणि दात फिकट, चुन्यासारखा दिसतो. काही मिनिटांत हे घडतं. परत यायला अर्ध्या तासाहून जास्त, कधी बराच जास्त वेळ लागतो. ११ आणि २१ दोन्ही डॅममध्ये होते, म्हणून दोन्ही पांढरे.

त्यामुळे शेड नेहमी सगळ्यात आधी, पेशंट आल्या आल्या, रिट्रॅक्टर फार वेळ न लावता घ्यायची. ‘नंतर’चा फोटो उपचाराच्या दिवशी नाही, पुढच्या भेटीत. ब्लीचिंगनंतर एक-दोन आठवडे थांबणं तसंही शहाणपणाचं, कारण रंग थोडा मागे येतो आणि बाँडिंगसाठीही वेळ द्यायचा असतो.

शेड टॅब फ्रेममध्ये धरताना दाताच्याच पातळीत धरा. टॅब पुढे आला की फ्लॅशच्या जवळ जातो आणि खऱ्यापेक्षा उजळ दिसतो. टॅबची कड दाताच्या कडेला टेकलेली, आणि ए२, ए३ हा छापलेला आकडा वाचता येईल असा. सोबत करडं कार्ड आणि फाइल रॉ स्वरूपात असेल तर नंतर रंगाचा तोल कार्डावरून बरोबर करता येतो. लॅबला हा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो.

जुना फोटो आधीच बिघडलेला असेल तर

बहुतेक जण इथेच अडकलेले असतात, कारण ‘आधी’ परत काढता येत नाही. विद्यार्थिनीजवळ पहिल्या फोटोची फक्त जेपेग होती, रॉ नव्हती, टॅब नव्हता, कार्ड नव्हतं. अशा फोटोचा रंग ओढूनताणून दुसऱ्यासारखा करणं म्हणजे पुरावा तयार करणं, ते करू नये.

पण तो फोटो टाकाऊही नव्हता. एकाच फोटोतल्या दोन दातांवर जवळपास तोच उजेड पडलेला असतो, तोच व्हाइट बॅलन्स असतो. त्यामुळे दोन फोटोंमधली तुलना निकामी झाली तरी एका फोटोच्या आतली तुलना टिकून राहते. आधीच्या फोटोत ११ हा २१ पेक्षा स्पष्ट काळपट होता. तिने पेशंटला दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं, ठरलेल्या आकड्यांवर, खुर्चीचा दिवा बंद करून, टॅब आणि कार्डासह नवा फोटो घेतला. त्यात ११ आणि २१ यांच्यात फरक दिसत नव्हता, आणि टॅब दोघांच्याही जवळ बसत होता. मग मांडणी अशी झाली: ‘आधी: ११ शेजारच्या दातापेक्षा गडद. नंतर: ११ शेजारच्या दाताइतका.’ खाली एक ओळ, की पहिला फोटो वेगळ्या प्रकाशात घेतलेला असल्यामुळे दोन फोटोंमधल्या रंगाची थेट तुलना करू नये. परीक्षकांनी काय विचारलं असतं ते तिनेच आधी लिहून ठेवलं. डॅमनंतरचा तो पांढराशुभ्र फोटो तिने वगळला, आणि केस त्यामुळे अधिक भक्कम झाली.

आकार आणि तिरकेपणाचं काय? आकार दुरुस्त करायला परवानगी आहे: न बदललेल्या दाताची रुंदी दोन्हीकडे सारखी होईल असं झूम करा, आणि क्रॉपची चौकट सारखी ठेवा. आडवी रेघ सरळ करण्यासाठी थोडं फिरवणंही चालतं. वर-खालचा कोन मात्र सॉफ्टवेअरने खरा दुरुस्त होत नाही. ताणून गुणोत्तर जुळवलं तरी ओव्हरबाइट जुळत नाही, कारण कोणता दात कोणाला झाकत होता ते आधीच ठरलेलं असतं. असा फोटो ओव्हरबाइटचा पुरावा म्हणून वापरू नका. तिथे मॉडेल किंवा स्कॅन दाखवा.

पेशंटला समजावताना हाच नियम जास्त उपयोगी पडतो. पडद्यावर ‘आधी-नंतर’ ठेवण्यापेक्षा एकाच फोटोत ‘हा दात बघा, आणि शेजारचा बघा’ असं दाखवलं की पेशंट पटकन समजतो, आणि आपल्याकडून नकळत फुगवून सांगणं होत नाही. टॅबलेटवर रात्रीचा पिवळा उजेड किंवा ट्रू टोनसारखं काही चालू असेल तर बंद करा. आणखी एक: पेशंटला स्वतःचा चेहरा आरशातला माहीत असतो, त्यामुळे फोटोतली उजवी-डावी बाजू त्याला गोंधळात टाकते. त्याच्या हातात आरसा द्या आणि फोटोतला दात प्रत्यक्ष तोंडात दाखवा.

दुसऱ्या पेशंटना किंवा परिषदेत दाखवण्यासाठी वेगळी लेखी संमती घ्या. उपचाराच्या कागदावरची सही त्याला पुरत नाही, आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ आल्यापासून कोणत्या कामासाठी संमती घेतली हे स्पष्ट लिहिलेलं असणं अधिकच गरजेचं झालं आहे. डोळ्यांवर काळी पट्टी टाकली म्हणजे ओळख लपली, असं धरू नका. दात दाखवायला चेहरा लागत नसेल तर चेहरा वगळाच.

आणि पुढच्या भेटीसाठी: पेशंट यायच्या आधी त्याचे जुने फोटो छोट्या आकारात एका पानावर छापून खुर्चीशेजारी ठेवा. असिस्टंटला रिट्रॅक्टर तेवढाच ओढायचा आहे, रेघ त्याच उंचीवर आणायची आहे, आणि प्रत्येक फोटो काढल्यावर कॅमेऱ्याच्या पडद्याशी त्या पानाची तुलना करायची आहे. जुळला नाही तर पेशंट खुर्चीत असतानाच पुन्हा काढायचा.